बी, डू, हॅव: प्रश्न, नकार आणि काळ यात कुठला मदतनीस कधी घ्यायचा, अगदी पहिल्यापासून

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मराठी माणसाची वाक्यं ऐकलीत तर ठरलेल्या काही चुका परत परत कानावर येतात. ‘आय अ‍ॅम गो’, ‘आर यू हॅव पेन?’, ‘ही डोन्ट केम’, ‘डिड यू वेन्ट?’ यात शब्द कमी पडलेत असं नाहीये, शब्द सगळे आलेत, फक्त चुकीचे शेजारी शेजारी बसलेत. आणि या सगळ्या चुकांचं मूळ एकाच ठिकाणी आहे, बी, डू आणि हॅव या तीन मदतनीस क्रियापदांत, ज्यांना शाळेत हेल्पिंग व्हर्ब किंवा सहाय्यक क्रियापद म्हणतात.

इंग्रजी वाक्यं खाली मुद्दाम देवनागरीत दिलीयेत, ती मनात न वाचता मोठ्याने म्हणा, कारण हा विषय डोळ्यांपेक्षा कानाने लवकर बसतो.

आधी मराठीत काय होतं ते बघू

मराठीत प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’ जोडला की झालं. ‘तू येतोस’ चं ‘तू येतोस का?’, ‘तू आलास’ चं ‘तू आलास का?’, ‘तू दमलायस’ चं ‘तू दमलायस का?’ वाक्य तसंच राहतं, शेपूट तेवढं बदलतं. नकाराचंही बरचसं तसंच, ‘नाही’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो: मी जात नाही, मी गेलो नाही, मी आजारी नाही.

इंग्रजीत ‘का’ सारखं शेपूट नाहीच. तिथे प्रश्नही मदतनीस करतो, नकारही मदतनीसच धरतो आणि काळ दाखवायचं कामसुद्धा बहुतेक वेळा त्याच्याच गळ्यात. म्हणजे कामं तीन, माणसंही तीन, पण एकाला एक असं वाटप नाहीये. तिघंही प्रश्नात येतात, तिघंही नकारात येतात. मग कोण कधी येतो? हे मेन व्हर्ब, म्हणजे मुख्य क्रियापद, कुठल्या रूपात आहे त्यावरून ठरतं, आणि हे एवढं कळलं की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

पायरी 1: रूपं तोंडपाठ करा, याला पर्याय नाही

बी चं कुटुंब मोठं आहे: अ‍ॅम, इज, आर हे आत्ताचे, वॉज आणि वेअर हे मागचे, शिवाय बीन आणि बीइंग. ‘आय’ बरोबर अ‍ॅम, एकट्या माणसाबरोबर किंवा वस्तूबरोबर इज, ‘यू, वुई, दे’ बरोबर आर. मागच्या काळात ‘आय, ही, शी, इट’ बरोबर वॉज आणि बाकीच्यांबरोबर वेअर.

डू ची कामाची रूपं तीनच: डू, डज, डिड. हॅव चीही तीन: हॅव, हॅज, हॅड. ‘ही, शी, इट’ आलं की डज आणि हॅज, नाहीतर डू आणि हॅव. डिड आणि हॅड सगळ्यांना चालतात, तिथे माणूस बघायचीही गरज नाही, त्यामुळे नवशिक्याला मागचा काळ खरं तर सोपा जातो.

याच्या जोडीला मेन व्हर्बची रूपं हवीत. क्लासमध्ये ज्यांना व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री म्हणतात ती. इथे मी ‘राइट’ म्हणजे लिहिणे घेतोय, कारण त्याची चारही रूपं कानाला वेगळी लागतात: राइट (व्ही वन), रोट (व्ही टू), रिटन (व्ही थ्री) आणि रायटिंग. सुरुवातीला ‘कट’ किंवा ‘पुट’ सारखं क्रियापद सरावाला घेऊ नका, त्यांची तिन्ही रूपं एकच असल्यामुळे चुकलात तरी कळत नाही.

पायरी 2: कुठला मदतनीस, तर पुढे कुठलं रूप

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक मदतनीस आपल्यापुढच्या क्रियापदाचं रूप ठरवून टाकतो.

बी च्या पुढे ‘इंग’ वालं रूप: ‘शी इज रायटिंग’, ती लिहितेय. ‘शी वॉज रायटिंग’, ती लिहीत होती.

हॅव च्या पुढे व्ही थ्री: ‘शी हॅज रिटन’, तिने लिहिलंय. ‘शी हॅड रिटन’, तिने लिहिलं होतं.

डू च्या पुढे साधं व्ही वन, त्याला एस नाही, ईडी नाही, इंग नाही, काही म्हणजे काही चिकटत नाही: ‘डज शी राइट?’, ती लिहिते का? ‘शी डिड नॉट राइट’, तिने लिहिलं नाही.

बी च्या पुढे व्ही थ्री पण येतं, पण तेव्हा अर्थ फिरतो, करणारा बाजूला पडतो आणि ज्याच्यावर काम झालं ते पुढे येतं: ‘द लेटर वॉज रिटन’, पत्र लिहिलं गेलं. सुरुवातीला हे फक्त ओळखता आलं तरी पुरे, बनवायच्या मागे लागू नका.

आता ‘आय अ‍ॅम गो’ परत बघा. अ‍ॅम आलं म्हणजे पुढे ‘गोइंग’ हवं. ‘गो’ च ठेवायचं असेल तर अ‍ॅम काढायला लागेल, ‘आय गो’. पहिलं म्हणजे मी जातोय, दुसरं म्हणजे मी जातो, नेहमी जातो. ही चूक होते कशामुळे, तर शाळेत ‘अ‍ॅम म्हणजे आहे’ असं पाठ करून घेतलेलं असतं आणि मराठीत तर ‘आहे’ कुठेही येतो, मग प्रत्येक वाक्यात अ‍ॅम घुसतो.

‘आहे’ चा सापळा

इथे थोडं थांबू, कारण मराठी माणूस सगळ्यात जास्त इथेच अडकतो. पुढची पाच वाक्यं बघा, सगळ्यांत ‘आहे’ आहे.

मी डॉक्टर आहे: ‘आय अ‍ॅम अ डॉक्टर’.
मी लिहीत आहे: ‘आय अ‍ॅम रायटिंग’.
मी लिहिलं आहे: ‘आय हॅव रिटन’.
माझ्याकडे पेन आहे: ‘आय हॅव अ पेन’.
मला माहीत आहे: ‘आय नो’.

मराठीत एकच ‘आहे’, इंग्रजीत कुठे बी, कुठे हॅव आणि शेवटच्या वाक्यात तर काहीच नाही. त्यामुळे ‘आहे’ दिसला की अ‍ॅम किंवा इज लावायचा हे गणित सोडूनच द्या. त्याऐवजी ‘आहे’ च्या आधी काय आहे ते बघा. आधी नाम किंवा विशेषण असेल (डॉक्टर, आनंदी, लहान) तर बहुतेक वेळा बी. आधी ‘लिहीत, जात, बघत’ असं त-वालं रूप असेल तर बी आणि इंग. आधी ‘लिहिलं, गेलो, पाहिलं’ असं झालेलं काम असेल तर हॅव आणि व्ही थ्री. ‘माझ्याकडे, मला दोन भाऊ, मला ताप’ असं काहीतरी जवळ असण्याचं असेल तर हॅव, पण हा हॅव मदतनीस नाही बरं का, हा स्वतःच मेन व्हर्ब आहे, त्याच्याकडे खाली वेगळं येतोच. आणि माहीत असणं, हवं असणं, गरज असणं, मान्य असणं यासाठी इंग्रजीत सरळ एकेक क्रियापद आहे: नो, वॉन्ट, नीड, अ‍ॅग्री. ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ हे म्हणूनच चूक, ‘आय अ‍ॅग्री’ एवढंच पुरतं.

भूक आणि वय मात्र पाठच करा, इथे अंदाज चालत नाही. ‘मला भूक लागलीय’ साठी ‘आय अ‍ॅम हंग्री’ आणि ‘माझं वय वीस आहे’ साठी ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’, दोन्हीकडे बी.

पायरी 3: प्रश्न करायचा तर मदतनीस उचलून पुढे

साधं वाक्य घ्या आणि त्यात मदतनीस आहे का ते शोधा. असला तर त्याला उचलून कर्त्याच्या आधी ठेवा, बाकी काही हलवू नका.

‘शी इज रायटिंग’ वरून ‘इज शी रायटिंग?’
‘दे हॅव रिटन’ वरून ‘हॅव दे रिटन?’

‘रायटिंग’ तसंच, ‘रिटन’ तसंच. नवीन काही आलं नाही, फक्त जागांची अदलाबदल.

मदतनीस नसला तर? ‘दे राइट’ मध्ये कोणीच मदतनीस नाहीये. इथे डू ला बोलवायचं, त्याचं खरं काम हेच आहे, बाकी दोघं हजर नसले की बदली म्हणून उभं राहायचं. ‘डू दे राइट?’ या डू चा स्वतःचा अर्थ शून्य. मराठीतल्या ‘करणे’शी त्याचा इथे काही संबंध नाही, त्यामुळे भाषांतर करताना तो शोधू नका.

आता ‘शी राइट्स’ घ्या. शेवटी एस आहे. प्रश्न करताना हा एस राइटवरून निघतो आणि डू ला चिकटतो, म्हणून डू चा डज होतो आणि राइट्स चं परत राइट: ‘डज शी राइट?’ एस एकच आहे, तो दोन्हीकडे राहू शकत नाही. ‘डज शी राइट्स?’ म्हटलं की एस दोनदा झाला. मागच्या काळाचंही अगदी हेच. ‘शी रोट’ मधला मागचा काळ रोट मध्ये लपलेला आहे, प्रश्न करताना तो तिथून निघून डू मध्ये जातो, डू चा डिड होतो आणि रोट चं परत राइट: ‘डिड शी राइट?’ म्हणून ‘डिड यू वेन्ट’ चूक, ‘डिड यू गो’ बरोबर. काळ कुणीतरी एकानेच धरायचा, आणि मदतनीस असेल तर तोच धरणार.

इंग्रजी बोलणारे आधीपासून असं बोलत होते असंही नाही. पूर्वीच्या इंग्रजीत मेन व्हर्बच उचलून पुढे ठेवायचे, ‘नो यू हिम?’ अशा धाटणीने. डू चा हा वापर साधारण 16व्या आणि 17व्या शतकात पसरत गेला आणि मग पक्काच झाला. त्यामुळे ‘हा डू कशाला हवा’ असं वाटत असेल तर चुकीचं काही नाही, पण आता तो आहे आणि त्याच्याशिवाय चालत नाही.

व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय वगैरे लावायचे असतील तर वरचा प्रश्न आधी पूर्ण बनवा आणि मग तो शब्द सगळ्यात पुढे ठेवा. ‘डिड शी राइट?’ च्या पुढे व्हाय: ‘व्हाय डिड शी राइट?’ ‘इज शी रायटिंग?’ च्या पुढे व्हॉट: ‘व्हॉट इज शी रायटिंग?’ ‘व्हाय शी इज रायटिंग?’ असं बरेच जण बोलतात, त्यात इज उचलायचाच राहून गेलेला असतो.

फक्त ‘हू’ चं जरा वेगळं आहे आणि इथे मराठी आपल्याला चक्क मदत करते. मराठी प्रश्नात ‘कोण’ किंवा ‘कोणी’ असेल तर डू नको: कोणी लिहिलं? ‘हू रोट?’ कोणी फोन केला? ‘हू कॉल्ड?’ मराठीत ‘कोणाला’ असेल तर डू हवा: तू कोणाला फोन केलास? ‘हू डिड यू कॉल?’ कारण पहिल्यात ‘हू’ स्वतःच कर्त्याच्या खुर्चीत बसलाय, मग मदतनीसाला उचलून कोणाच्या पुढे ठेवणार.

पायरी 4: नकार, आणि एक ‘नाही’ चे अनेक नॉट

नकाराला नियम तसा छोटा आहे. मदतनीस असेल तर त्याच्या लगेच मागे नॉट. नसेल तर डू ला बोलवा आणि त्याच्या मागे नॉट. एस आणि मागचा काळ परत डू कडेच जाणार, प्रश्नात गेला तसाच. ‘शी इज नॉट रायटिंग’, ‘दे हॅव नॉट रिटन’, ‘शी डज नॉट राइट’, ‘शी डिड नॉट राइट’. बोलताना याचं इझन्ट, हॅवन्ट, डझन्ट, डिडन्ट होतं.

अवघड जातं ते हे की आपल्या डोक्यात मराठी ‘नाही’ असतो आणि तो सगळीकडे सारखाच दिसतो. पण नीट ऐकलं तर बोलीभाषेत फरक असतोच, फक्त आपलं लक्ष नसतं:

मी लिहीत नाही: ‘आय डोन्ट राइट’. नेहमीची गोष्ट.
मी लिहीत नाहीये: ‘आय अ‍ॅम नॉट रायटिंग’. आत्ताची गोष्ट.
मी लिहिलं नाही: ‘आय डिडन्ट राइट’. झालं गेलं.
मी अजून लिहिलेलं नाही: ‘आय हॅवन्ट रिटन यट’. अजून होऊ शकतं.
मी लिहीत नव्हतो: ‘आय वॉजन्ट रायटिंग’. तेव्हाची गोष्ट.

‘नाही’ आणि ‘नाहीये’ यातला फरक म्हणजे डोन्ट आणि अ‍ॅम नॉट यातला फरक, निदान क्रियापदाच्या वाक्यांत तरी. कोणी विचारलं ‘तू येतोयस का?’ आणि तुम्हाला म्हणायचंय ‘नाही, मी येत नाहीये’, तर ‘आय डोन्ट कम’ म्हणू नका. त्याचा अर्थ ‘मी येतच नसतो’ असा होतो, समोरच्याला वाटेल तुम्ही कायमचं यायचं बंद केलंय.

‘ही डोन्ट केम’ मध्ये किती चुका आहेत ते आता तुम्हीच काढा. ‘ही’ आहे म्हणून डोन्ट नको, पण गोष्ट मागची आहे म्हणून डझन्टही नको, डिडन्ट हवं, आणि डिडन्ट ने काळ घेतल्यावर केम चं परत कम: ‘ही डिडन्ट कम’.

तिघंही कधी कधी मालक असतात

बी, डू आणि हॅव दर वेळी मदतनीसच नसतात. वाक्यात दुसरं क्रियापदच नसेल तर ते स्वतः मेन व्हर्ब होतात, आणि तेव्हा तिघंही वेगवेगळे वागतात.

बी मालक झाला तरी स्वतःचं काम स्वतःच करतो, त्याला डू लागत नाही. ‘यू आर रेडी’ वरून ‘आर यू रेडी?’, ‘यू आर नॉट रेडी’. म्हणून ‘डू यू आर रेडी’ चूक. अपवाद एकच लक्षात ठेवण्यासारखा, कुणाला सांगताना किंवा बजावताना: ‘डोन्ट बी लेट’. इथे बी असूनही डोन्ट येतो.

हॅव मालक झाला, म्हणजे जवळ असणं या अर्थाने आला, की तो आळशी होतो आणि डू ला बोलावतो. ‘यू हॅव अ पेन’ वरून ‘डू यू हॅव अ पेन?’, ‘आय डोन्ट हॅव अ पेन’. ‘शी हॅज अ पेन’ वरून ‘डज शी हॅव अ पेन?’, हॅज चा एस डज मध्ये गेला म्हणून परत हॅव. जुन्या ब्रिटिश वळणात ‘हॅव यू अ पेन?’ सापडतं, पण आता ते वापरायला जाऊ नका. ‘हॅव यू गॉट अ पेन?’ मात्र भरपूर ऐकू येतं आणि ते नियमातच बसतं, कारण तिथे गॉट हे व्ही थ्री आहे आणि हॅव त्याचा मदतनीस.

‘हॅव टू’, म्हणजे करावं लागणं, यालाही डू च लागतो: ‘डू यू हॅव टू गो?’, तुला जावं लागणार का? आणि ‘यू डोन्ट हॅव टू गो’ म्हणजे तुला जायची गरज नाही. ‘जाऊ नकोस’ असा त्याचा अर्थ होत नाही. जाऊ नकोस साठी ‘डोन्ट गो’.

डू मालक झाला, म्हणजे खरंच ‘करणे’ या अर्थाने आला, की त्याला मदतीला पुन्हा डू च लागतो, मग एका वाक्यात दोन डू दिसतात आणि नवशिक्या बिचकतो. ‘व्हॉट डू यू डू?’ पहिला मदतनीस, दुसरा करणे. ‘आय डिडन्ट डू इट’ मध्ये पण तेच, डिडन्ट मदतनीस आणि डू म्हणजे केलं.

काळात हॅव आणि डिड यांची मारामारी

‘मी पाहिलंय’ आणि ‘मी पाहिलं’, म्हणजे ‘आय हॅव सीन’ आणि ‘आय सॉ’. मराठीत ‘मी त्याला काल पाहिलंय’ बिनधास्त बोलतो आपण, म्हणून ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ तोंडातून येतं. इंग्रजीत हे चालत नाही. काल, मागच्या वर्षी, दोन तासांपूर्वी, लहानपणी असा संपलेला वेळ सांगणारा शब्द आला की हॅव आणि हॅज बाद. ‘आय सॉ हिम यस्टरडे’, प्रश्न ‘डिड यू सी हिम यस्टरडे?’ वेळ सांगितलीच नाही, किंवा आत्तापर्यंत, अजून, कधीतरी असं काही असेल तर हॅव: ‘हॅव यू एव्हर सीन हिम?’, त्याला कधी पाहिलंयस का? अमेरिकन लोक ‘अजून’ च्या ठिकाणी डिड पण वापरतात, ‘डिड यू ईट यट?’ असं, त्यामुळे ते कानावर आलं तर आपलं चुकलं असं समजू नका.

दोन मदतनीस एकाच वाक्यात आले तर घाबरायचं नाही, पायरी 2 चाच नियम एकेक करून लावत जायचा. ‘ती दोन तास लिहितेय’: ‘शी हॅज बीन रायटिंग फॉर टू अवर्स’. हॅज ने पुढच्याकडे व्ही थ्री मागितलं म्हणून बी चं झालं बीन, आणि बी ने त्याच्या पुढच्याकडे इंग मागितलं म्हणून राइट चं झालं रायटिंग. प्रश्न करताना उचलायचा तो पहिलाच: ‘हॅज शी बीन रायटिंग?’ नॉट पण पहिल्याच्याच मागे.

एक अख्खं संभाषण उलगडून बघू

दोन मित्र फोनवर बोलतायत. मराठी वाक्य वाचल्यावर लगेच उत्तर बघू नका, आधी स्वतः करून बघा.

‘निघालास का?’ आत्तापर्यंत निघालायस का असा अर्थ, वेळ सांगितलेली नाही, म्हणजे हॅव. लीव्ह चं व्ही थ्री लेफ्ट. साधं वाक्य ‘यू हॅव लेफ्ट’, हॅव उचलला: ‘हॅव यू लेफ्ट?’

‘नाही, अजून नाही.’ इंग्रजीत नुसतं नो म्हटलं तर तुटक वाटतं, म्हणून प्रश्नात जो मदतनीस आला तोच उत्तरात परत द्यायचा: ‘नो, आय हॅवन्ट’. उत्तर देताना कुठला मदतनीस वापरू हा प्रश्न पडला तर समोरच्याने कुठल्याने सुरुवात केली ते आठवा, माणूस तेवढा बदला. ‘आर यू’ ला ‘यस, आय अ‍ॅम’, ‘डू यू’ ला ‘यस, आय डू’, ‘डिड यू’ ला ‘नो, आय डिडन्ट’.

‘का? काय करतोयस?’ आत्ता चाललेलं काम, म्हणजे बी आणि इंग. ‘यू आर डुइंग’, मग आर उचलला, मग व्हॉट पुढे: ‘व्हाय? व्हॉट आर यू डुइंग?’ इथे डुइंग हा मालक डू आहे, मदतनीस आर.

‘बॉसची वाट बघतोय. त्याने काल सही केली नाही.’ पहिल्यात कर्ता बोलून दाखवायलाच लागेल, मराठीसारखा गिळता येणार नाही: ‘आय अ‍ॅम वेटिंग फॉर द बॉस’. दुसऱ्यात काल आहे, म्हणजे हॅव बाद, साधं वाक्य ‘ही साइन्ड’, मदतनीस नाही म्हणून डू, ईडी त्याच्याकडे गेला म्हणून डिड: ‘ही डिडन्ट साइन यस्टरडे’.

‘तो रोज उशिरा येतो का?’ नेहमीची गोष्ट. ‘ही कम्स लेट एव्हरी डे’, एस डज मध्ये गेला: ‘डज ही कम लेट एव्हरी डे?’

‘किती वाजले माहितीये का तुला?’ हे गंमतीशीर आहे. माहितीये म्हणजे नो, मदतनीस नाही, म्हणून डू: ‘डू यू नो’. आणि पुढे ‘किती वाजले’ हा प्रश्न आता दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात गेला, तिथे मदतनीस उचलायचा नसतो. सुटा प्रश्न ‘व्हॉट टाइम इज इट?’ असतो, पण इथे ‘डू यू नो व्हॉट टाइम इट इज?’ एका वाक्यात एकदाच उचलायचं आणि ते डू ने आधीच करून टाकलंय. याच कारणाने ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ चूक आणि ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’ बरोबर.

ऐकताना नुसता ‘स्’ ऐकू येतो तेव्हा

बोलताना इज आणि हॅज दोन्ही आखडतात आणि ‘हीज’ असं एकच काहीतरी ऐकू येतं. लिहिताना सुद्धा वर अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे उलट्या स्वल्पविरामासारखं चिन्ह, देऊन एस, दोघांना सारखंच. मग ओळखायचं कसं, तर पुढचा शब्द बघा. ‘हीज रायटिंग’ मध्ये इंग आलं म्हणजे इज. ‘हीज टायर्ड’, ‘हीज अ डॉक्टर’ मध्ये विशेषण आणि नाम, म्हणजे इज. ‘हीज रिटन द लेटर’ मध्ये व्ही थ्री आणि पुढे काय लिहिलं तेही दिलंय, म्हणजे हॅज. नुसतं व्ही थ्री असलं की घाई करू नका, कारण ‘इट्स रिटन इन इंग्लिश’ मध्ये पण व्ही थ्रीच आहे, पण तिथे काम स्वतःवर झालंय, ते इंग्रजीत लिहिलेलं आहे असा अर्थ, म्हणजे इज. शंका आली तर त्याच वाक्याचा प्रश्न करून बघा, ‘इज इट रिटन इन इंग्लिश?’ अर्थाला बसतं, ‘हॅज इट रिटन इन इंग्लिश?’ म्हटलं तर ते पत्र स्वतःच लिहायला बसलंय असं होईल.